व्हॉल्व्ह आवळायचा की पंपाचा वेग कमी करायचा?

व्हिडिओतला पंप आठवा. तासाला १०० घनमीटर, ४० मीटर हेड. आपल्याला ७० घनमीटरच हवंय. व्हॉल्व्ह आवळला की पंपाचं हेड उलट वाढतं, समजा ४६ मीटर. पण बंद कूलिंग सर्किटमध्ये फक्त घर्षण असतं; ७० घनमीटरला जेमतेम २० मीटर पुरतं. उरलेले २६ मीटर व्हॉल्व्हमध्येच वाया जातात, आणि त्यांचं बिल आपण भरतो! व्हीएफडीने वेग ७० टक्के केला की ते तयारच होत नाहीत. बचत येते ती इथून.

आता तोच पंप ३० मीटर उंच टाकी भरतोय असं धरा. घर्षणाचे ५ मीटर धरून ३५ लागणारच, वाचतात फक्त ११. इथे ‘वेगाचा घन’ लावून बचत सांगणाऱ्याला आधी टाकीची उंची विचारा. वेग फारच उतरवलात तर पंप फिरत राहतो, पाणी मात्र चढत नाही.