लोकरीचा ग्रुप आणि लॉटची वही

ग्राहकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढायला पाच मिनिटं पुरतात. गिऱ्हाईक त्यात कशासाठी थांबेल, हे मात्र आधी ठरवावं लागतं. साताऱ्यात खण आळीजवळ माझं लोकर, क्रोशाच्या सुया आणि भरतकामाच्या दोऱ्यांचं दुकान आहे. सांगलीत हरभट रोडला माझी नणंद हाच धंदा करते. दोघींनी ग्रुप काढले. नवा माल आणि सूट एवढेच मेसेज जात राहिले, तसे साताऱ्यात बहुतेकींनी ते म्यूट केले. सांगलीत त्याहून वाईट झालं. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ते उचलून एका सदस्याने बायकांना गुंतवणुकीच्या स्कीमसाठी फोन सुरू केले. ग्रुप तर रिकामा झालाच, काही जुन्या गिऱ्हाइकांनी दुकानाची पायरीही सोडली.

म्हणून व्हॉट्सॲपची ‘कम्युनिटी’ काढा. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनला घोषणा टाकता येते आणि सदस्यांना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत. गप्पांचा ग्रुप वेगळा ठेवा. तिथे नंबर दिसतात, हे आधी सांगूनच कुणाला घ्या.

पण गिऱ्हाईक परत आणलं ते लॉट नंबरने. लोकरीच्या गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर छापलेला असतो. तोच रंग दुसऱ्या खेपेत रंगवला की छटा किंचित बदलते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही, विणून झाल्यावर उन्हात पट्टा उठून दिसतो. एका आजींनी नातवाच्या दुपट्यासाठी पिस्ता रंगाचे पाच गुंडे नेले. दोन कमी पडले, तोवर तो लॉट संपला होता. नव्या लॉटच्या गुंड्याने दोन ओळी, मग जुन्याने दोन ओळी, असं आलटून पालटून विणायला सांगितलं. त्यासाठी आजींकडे जुना एक गुंडा शिल्लक होता, म्हणून निभावलं.

तेव्हापासून बिलावर आणि वहीत लॉट लिहिते, त्याच लॉटचे दोन गुंडे महिनाभर त्या गिऱ्हाइकाच्या नावाने बाजूला ठेवते. लॉट संपत आला की आधी ज्यांचं काम अर्धवट आहे त्यांना एकेकीला कळवते, ग्रुपवर नंतर. हा मेसेज कुणी म्यूट करत नाही.

महिन्यातून एका शनिवारी दुपारी गिऱ्हाइकांसोबत विणायला दुकानातच बसतो. आठ-दहा जणींच्या वर घेत नाही, कारण मुका खांब कुठे चुकला हे हात बघूनच कळतं. त्या दिवशी काही घ्यायलाच हवं असं नाही. एखादीने ऑनलाइन मागवलेली लोकर आणली तरी तिला शिकवते.

ग्रुप चालतोय का, हे मेसेज मोजून ठरवू नका. वहीत तेच नाव दोन महिन्यांत पुन्हा आलं का, ते पाहा. येत नसेल तर सूट वाढवण्याआधी त्या बाईला फोन करा आणि तिचं विणकाम कुठे अडलंय ते विचारा.