वडिलांच्या रकान्यात भलतं नाव नको

माझं लग्न झालेलं नाही आणि मला एक मुलगी आहे. राहते धुळ्यात, बाळंतपण जळगावला एका खाजगी दवाखान्यात झालं. तिच्या जन्मनोंदीचा जो घोळ झाला, तो दुसऱ्या कुणा आईच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बाळ दवाखान्यात जन्मलं की जन्माची माहिती दवाखान्याकडूनच निबंधकाकडे जाते, २१ दिवसांच्या आत. तो फॉर्म भरताना माझ्या आईला विचारण्यात आलं, "बाळाच्या वडिलांचं नाव?" आई गप्प. "रकाना मोकळा सोडता येत नाही हो मावशी. सध्या तुमच्या मालकांचं नाव टाकू, मग बदलून घ्या." मी आत खाटेवर होते. दाखला हाती आला तेव्हा कळलं, की कागदोपत्री माझे वडीलच माझ्या मुलीचे वडील झाले आहेत.

रकाना मोकळा सोडता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी, अविवाहित आईच्या पालकत्वाच्या प्रकरणात, हे स्पष्ट केलं आहे: एकल पालक किंवा अविवाहित आईने आपल्या पोटच्या बाळाचा जन्मदाखला मागितला, तर तिच्याकडून फक्त तशा आशयाचं प्रतिज्ञापत्र घ्यावं आणि दाखला द्यावा. २०२३ साली जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यातही एकल पालक आणि अविवाहित माता यांचा उल्लेख आला. प्रतिज्ञापत्रात मजकूर थोडाच लागतो: मी अविवाहित आहे, हे बाळ माझं आहे, जन्माची तारीख व ठिकाण अमुक, वडिलांचं नाव नोंदवायचं नाही. बाळाचा बाप कोण, हे लिहायची गरज नाही. हा कागद बाळंतपणाच्या आधीच तयार करून ठेवला आणि बाळ झाल्यावर तारीख घालून त्यावर सही केली, तर दवाखान्यात वाद घालायची वेळ येत नाही. फॉर्म पुढे जाण्याआधी स्वतः वाचायला मागा. "अज्ञात" किंवा आजोबा-मामाचं नाव, यांतलं काहीही तिथे नको.

एकदा नोंद झाली, की "मग बदलून घ्या" म्हणणं सोपं, करणं अवघड. पहिली गोष्ट, नोंद जिथे जन्म झाला तिथेच असते. मी धुळ्याची असले तरी दुरुस्ती जळगावलाच करावी लागली. कायद्याच्या कलम १५ प्रमाणे चुकीची नोंद निबंधक दुरुस्त करू शकतो, पण मजकुरातली चूक असेल तर खरी हकीकत माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन लागतं. माझ्यासाठी आई आणि वडील दोघंही उभे राहिले. जोडीला दवाखान्याची कागदपत्रं आणि माझ्या वडिलांचं आधार दिलं, त्यावरून नातं उघड झालं. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्तीची टीप, सही आणि तारीख येते. त्या टिपेप्रमाणे नवा दाखला मागून घ्या आणि जुन्या प्रती कुठेही वापरू नका.

हा मार्ग प्रत्येकीसाठी नाही, हेही सांगायला हवं. लग्न झालेलं असेल आणि नवऱ्याशी भांडण असेल, तर वडिलांचं नाव काढता येईल असं समजू नका. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अशीच मागणी फेटाळली आणि त्या आईला ५,००० रुपये खर्च भरायला लावला. आपले जळगाव आणि धुळे याच खंडपीठाखाली येतात. सूट आहे ती एकल मातृत्वासाठी, नवऱ्यावरच्या रागासाठी नाही.

आता नाव आणि आडनाव. महाराष्ट्र सरकारच्या १४ मार्च २०२४ च्या निर्णयानुसार, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांचं नाव बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहायचं. आपल्या बाबतीत वडिलांची जागा गळते. आई वर्षा पाटील आणि मुलगी ईरा असेल, तर "ईरा वर्षा पाटील". मधल्या जागी आजोबांचं नाव घातलं, की लोक ते बापाचंच समजतात आणि पुढचा प्रत्येक कागद त्याचीच री ओढतो.

शाळेत प्रवेश घेताना जनरल रजिस्टरमध्ये दाखल्यावरचंच नाव उतरवून घ्या आणि ती नोंद डोळ्यांनी पाहा, कारण शाळा सोडल्याचा दाखला त्या रजिस्टरवरूनच निघतो. पासपोर्टसाठीही डिसेंबर २०१६ पासून आई-वडिलांपैकी एकाचं नाव चालतं. कुणी तोंडी "वडिलांचं नाव लागतंच" म्हणालं, तर अर्ज आणि प्रतिज्ञापत्र आवक क्रमांकासह जमा करा आणि नकार लेखी मागा. वरिष्ठांकडे जायचं झालं, तर हातात तोच कागद लागतो.