ॲस्पिरिनच्या आलेखातलं पाणी

कोकणात पावसाळ्यात आयआर घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच धरून चालावी: आलेखातला पहिला ठळक खड्डा आपल्या नमुन्याचा असेलच असं नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत यंत्राचं काम माझ्याकडे होतं. जुलैपासून एमएस्सीच्या मुलांचे आलेख येऊ लागले की जवळजवळ प्रत्येकात ३४४० च्या आसपास (तरंगक्रमांक, प्रति सेंटिमीटर) एक रुंद, गोलसर दरी दिसे. पदार्थ कीटोन असो वा एस्टर, दरी असायचीच.

त्यातलं एक प्रकरण ॲस्पिरिनचं. सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक अनहायड्राइड यांच्यापासून एका विद्यार्थिनीने ॲस्पिरिन बनवलं. पांढरेशुभ्र स्फटिक आले आणि वितळणांकही बरोबर लागला. केबीआरची गोळी करून आलेख काढला, तर ३४४० ला दरी आणि १६३७ ला एक खांदा. तिने वहीत लिहिलं, ‘फिनॉलचा ओएच दिसतो, म्हणजे सॅलिसिलिक आम्ल शिल्लक आहे.’ पुस्तकाप्रमाणे तर्क चुकीचा नव्हता, कारण ॲसिटिलेशन पूर्ण झालं की तो ओएच नाहीसा व्हायला हवा. म्हणून तिने स्फटिक पुन्हा गरम पाण्यात विरघळवले, सावकाश थंड केले, आणि समाधान न झाल्याने तेच परत केलं. ॲस्पिरिनचा एस्टर गरम पाण्यात हळूहळू तुटतो. पहिल्या खेपेच्या स्फटिकांना फेरिक क्लोराइडने रंग आला नव्हता. या ‘शुद्ध’ केलेल्यांना जांभळा आला. नसलेली अशुद्धी काढायला जाऊन तिने ती तयार केली होती.

“सर, आता तर सॅलिसिलिक नक्कीच आहे ना?” असं विचारत ती आली. आता होतं खरं. पण पहिल्या आलेखात नव्हतं, आणि ते त्या आलेखावरूनच कळण्यासारखं होतं.

त्या जोडीकडे नीट बघा. ३४४० च्या आसपास ताण-कंपन आणि १६३५ च्या आसपास वाक-कंपन, ही दोन्ही पाण्याची. केबीआर हवेतली ओल धरतं आणि ही दोन चिन्हं बरोबर घेऊन येतं. सॅलिसिलिक आम्लाची जोडी दिसायला अशीच, पण जागा वेगळ्या: फिनॉलचा ओएच साधारण ३२३५ ला आणि बराच टोकदार, तर कार्बोनिल १६५५ ते १६६० ला. ते कार्बोनिल इतकं खाली असण्याचं कारण म्हणजे शेजारच्या ओएचशी रेणूच्या आतच जुळलेला हायड्रोजन बंध. १६३७ आणि १६५७ मध्ये अंतर फार नाही. घाईत नजर फसते, म्हणून आकडा छापून वाचावा, अंदाजाने नाही.

ॲस्पिरिनचं स्वतःचं दर्शन असं. १७५० च्या आसपास एस्टरचं कार्बोनिल, १६९० च्या आसपास आम्लाचं. ही दोन शिखरं वेगळी दिसली की अर्धं काम झालं. १६०५ ला बेंझिन वलय, आणि १३०० ते ११८० या पट्ट्यात कार्बन-ऑक्सिजन बंधांचे ठळक पट्टे. आणि आम्लाचा ओएच? तो ३४०० ला शोधूच नये. घन अवस्थेत आम्लाचे रेणू जोडीने बांधलेले असतात, त्यामुळे तो ३३०० पासून २५०० पर्यंत पसरलेल्या एका बेढब उतारासारखा दिसतो. त्याच्यावर सी-एचची बारीक टोकं बसलेली असतात. विद्यार्थी नेमका हाच उतार ‘आधाररेषा बिघडली’ म्हणून सोडून देतात आणि पाण्याच्या दरीला ओएच म्हणतात.

बिघडलेली आधाररेषा मात्र वेगळी ओळखता येते. ४००० च्या टोकाला पारगमन कमी आणि खालच्या तरंगक्रमांकांकडे हळूहळू वर चढत जाणारी रेषा दिसली, की दळण जाडं राहिलं असं समजावं. कणाचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा असला तर प्रकाश विखुरतो, आणि ४००० ला ती लांबी अवघी अडीच मायक्रोमीटर आहे.

म्हणून आमची पद्धत अशी ठरली. स्पेक्ट्रोस्कोपी दर्जाचं केबीआर ११० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवायचं, डेसिकेटरमध्ये गार करायचं, आणि लागेल तेवढंच बाहेर काढायचं. आधी एक ते दोन मिलिग्रॅम नमुना अगेटच्या खलात एकटाच बारीक घोटायचा. मग साधारण दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम केबीआर घालून थोडक्यात मिसळायचं. केबीआर घालून पंधरा मिनिटं घोटत बसलं की ते पाऊस प्यायला लागतं. तेरा मिलिमीटरच्या डायमध्ये भुकटी सारखी पसरून, जमल्यास व्हॅक्यूम लावून आठ ते दहा टनांचा दाब दोन-तीन मिनिटं द्यायचा. गोळीतून छापील अक्षर वाचता आलं पाहिजे. पांढुरकी, ठिपकेदार आली तर ती मोडून पुन्हा दळावी. शिखरं शून्य पारगमनाला टेकून सपाट झाली तर नमुना जास्त पडला. सगळ्यात ठळक शिखर पाच-दहा टक्क्यांवर थांबलं की वाचण्याजोगा आलेख. काम संपल्यावर डाय लगेच धुवून, ॲसिटोनने पुसून कोरडा करावा. मीठ राहिलं तर पोलादाला गंज चढतो, आणि पुढची गोळी त्याला चिकटून फुटते.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची एक गोळी विसरली जाते: नुसत्या केबीआरची. त्याच बाटलीतलं, त्याच दिवशीचं. तिच्या आलेखात ३४४० आणि १६३७ दिसले, तर नमुन्यातल्या त्या दोन जागांवरून निष्कर्ष काढू नये. ती वजा केली तरी ओल प्रत्येक गोळीत सारखी नसते, तेव्हा वजाबाकीवर फार विसंबू नये.

एटीआर असेल तर केबीआरचा प्रश्नच उरत नाही. हिऱ्याच्या स्फटिकावर चिमूटभर भुकटी ठेवून दाबायची. पण तिथे दुसरी फसगत आहे. आधीच्या माणसाचा नमुना किंवा पुसायचं ॲसिटोन राहिलं, तर १७१५ च्या आसपास नवं कार्बोनिल दिसतं. पार्श्वभूमी घेतल्यावर रिकाम्या स्फटिकाचा एक आलेख काढला आणि तो सपाट आला, तरच पुढे जावं. शिवाय एटीआरमध्ये प्रकाश नमुन्यात एक-दोन मायक्रोमीटरच शिरतो, आणि तोही तरंगक्रमांक जितका मोठा तितका कमी. त्यामुळे ३००० च्या वरचे पट्टे केबीआरच्या मानाने फिके आणि शिखरं किंचित खाली सरकलेली दिसतात. ग्रंथालयातला केबीआर आलेख जसाच्या तसा शेजारी ठेवून ‘जुळत नाही’ म्हणू नये.

त्या मुलीचा पहिल्या खेपेचा उरलेला नमुना आम्ही एटीआरवर घेतला. ३४४० ला काही नव्हतं, १६३७ चा खांदाही गेला, आणि १७५० व १६८० ची दोन कार्बोनिलं स्वच्छ उभी होती. याचा अर्थ त्यात सॅलिसिलिक आम्ल अजिबात नव्हतं असा मात्र घेऊ नये. एक-दोन टक्के असतं तर आलेखात ते मुख्य पट्ट्यांखाली दडून गेलं असतं. ते सांगण्याचं काम फेरिक क्लोराइडचं, आणि ती चाचणी एका परीक्षानळीत मिनिटभरात होते.