उणे चाळीस हजार

अगं, काल ठाणे स्टेशनवर कल्याण स्लोची वाट बघताना तू मोबाइल माझ्यापुढे धरलास. ‘ताई, बँकेनं 80,000 ची लिमिट आपणहून मंजूर केलीय. वापरलं तेवढ्यावरच व्याज. घेऊ ना?’ गर्दीत बोलता आलं नाही, म्हणून आज निवांत सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे तो मेसेज खोटं बोलत नाही. पगाराच्या खात्यावरच्या ओव्हरड्राफ्टमध्ये व्याज खरोखरच वापरलेल्या रकमेवर लागतं, आणि तेही दिवसाच्या हिशेबानं. दिवस संपताना खातं जितकं उणे असेल, त्या रकमेवर त्या दिवसाचं व्याज धरतात. महिनाभराची बेरीज होते आणि शेवटी ती त्याच खात्यातून वळती होते. समज, दर वर्षाला 15 टक्के आहे आणि तू 10,000 रुपये सहा दिवस वापरलेस. 10,000 गुणिले 15 टक्के, गुणिले 6, भागिले 365. झाले साधारण 25 रुपये. उसने मागायला कुणाच्या दारात जावं लागत नाही, हप्ता नाही, मुदतीआधी फेडलं म्हणून दंड नाही. अडीनडीला ही सोय चांगलीच आहे.

मग मी का घाबरते? कारण मी स्वतः यात दीड वर्ष अडकले होते, आणि व्याज जास्त होतं म्हणून मुळीच नाही. व्याज इतकं कमी होतं, की अडकलेय हेच मला कळलं नाही.

डोंबिवली पूर्वेला भाड्याचं घर घेतलं तेव्हाचं सांगते. पगार हातात 42,000, दर एक तारखेला. 21 जूनला डिपॉझिट आणि दलाली दिली आणि खातं 40,000 नं उणे झालं. तीस तारखेपर्यंत दहा दिवस, त्याच 15 टक्क्यांनी व्याज 164 रुपये. मनात म्हटलं, एवढंच? एक जुलैला पगार आला आणि शिल्लक दिसली अधिक दोन हजार. (व्याजाचे थोडे रुपये हिशेबातून बाजूला ठेवते.) मला वाटलं, कर्ज फिटलं.

इथेच चुकले. कर्ज फिटलं नव्हतं, जुलैचा पगार जूनच्या खड्ड्यात गेला होता आणि अख्खा जुलै अजून काढायचा होता. पाच तारखेला भाड्याचे 14,000 गेले, खातं उणे 12,000. पंधराला किराणा, पास, घरी पाठवायचे पैसे, उणे 26,000. बावीसपर्यंत पुन्हा उणे 40,000. त्या महिन्याचं व्याज 288 रुपये. ऑगस्टमध्ये तेच, सप्टेंबरमध्ये तेच. दर एक तारखेपासून खातं चार दिवस हिरवं दिसायचं आणि दर महिनाअखेर मी त्याच उणे चाळीस हजारांवर उभी असायचे. पगार पूर्ण खर्च होत होता, म्हणून मुद्दल एका रुपयानंही हलत नव्हतं.

बाबांच्या वेळी कंपनीच्या पतपेढीचं कर्ज असायचं, आठवतं? हप्ता पगारातूनच कापून जायचा. सहकारी संस्था कायद्याच्या 49 व्या कलमात तशी तरतूदच आहे. बाबा कुरकुरायचे, पण तो हप्ता कर्जाला शेवटाकडे न्यायचा. ओव्हरड्राफ्टला असा शेवट नसतो. वर्ष झालं की नूतनीकरणाचं शुल्क, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि पुन्हा तीच लिमिट पुढे. शुल्क हजार रुपये असेल तर 1,180 गेले, वापर सहाच दिवसांचा असला तरी. मेसेजमधल्या ‘वापरलं तेवढ्यावरच’ या शब्दांत हे शुल्क येत नाही.

दुसरा सापळा तुझ्या फोनच्या पडद्यावर आहे. अनेक अॅपमध्ये `Available Balance` म्हणून जो आकडा दिसतो, त्यात लिमिट मिळवलेली असते. तुझे स्वतःचे पाच हजार असतील तर तिथं 85,000 दिसतील. यूपीआयनं भाजी घेताना आपण उधारीवर घेतोय हे कुठून कळणार? पूर्वी खात्यात पैसे नसले की एसआयपी परत जायची, लगेच मेसेज यायचा, आपण सावध व्हायचो. लिमिट आली की काहीच परत जात नाही. माझी पाच हजारांची एसआयपी कितीतरी महिने 15 टक्क्यांच्या उधारीतून जात होती आणि मला वाटायचं मी बचत करतेय.

आणि तिसरा, सगळ्यात मोठा. ही लिमिट तुझ्या पगारावर उभी आहे. मी ठाण्यातली नोकरी सोडून ऐरोलीला गेले, नव्या कंपनीनं दुसऱ्या बँकेत खातं उघडलं. जुन्या खात्यात पगार येणं थांबलं, तशी त्या बँकेनं लिमिट गोठवली आणि चाळीस हजार एकरकमी मागितले. आईनं मुदत ठेव मोडली. ती एक शब्द बोलली नाही, ते मला अजून बोचतं. त्या वेळी भरले नसते तर काय, तेही ऐक. सलग 90 दिवस खात्यात जमा काही आली नाही, किंवा आली ती व्याजालाही पुरली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असं खातं अनुत्पादक ठरतं. सिबिलच्या अहवालात ती नोंद राहते, आणि उद्या कल्याणला घर घेताना गृहकर्जवाली बँक आधी तो अहवाल उघडते.

तरीही नको म्हणत नाही. घ्यायच्या आधी शाखेत जाऊन तीन गोष्टी विचार आणि उत्तर लेखी घे: वार्षिक दर किती, न वापरताही वर्षाला शुल्क किती, आणि नोकरी बदलली तर परतफेडीला किती मुदत. लिमिट 80,000 कशाला? तुझा महिन्याचा खर्च 30,000 आहे, तेवढीच माग. कमी करून मिळते का, ते विचारायला लाज नको. एसआयपी आणि हप्ते दुसऱ्या खात्यावर ने.

आणि वापरलीसच, तर हप्ता तू स्वतः लाव. मी तेव्हा खर्च 30,000 वर आणला असता, तर दर महिन्याला 12,000 मागे राहिले असते. जूनअखेर उणे 40, जुलैअखेर उणे 28, ऑगस्टअखेर 16, सप्टेंबरअखेर 4, आणि ऑक्टोबरात मोकळी. हे चार आकडे डायरीत लिही. पगाराच्या दिवशीची शिल्लक बघू नकोस, ती सगळ्यांचीच छान दिसते. महिन्याच्या शेवटच्या रात्री, पगार यायच्या आधी, स्टेटमेंट उघड आणि लिमिट वगळून खरी शिल्लक बघ. गेल्या महिन्याच्या त्याच रात्रीपेक्षा खड्डा कमी झाला असेल तर तू फेडते आहेस. तेवढाच असेल, तर व्याज कितीही कमी असो, त्याच दिवशी मला फोन कर.