भाडं ४३० फुटांचं, दुकान किती फुटांचं?

रुवैसमध्ये आमच्या ओळखीचे एक काका कपडे शिवण्याचं छोटं दुकान चालवतात. मूळचे सांगलीकडचे. कराराचं नूतनीकरण जवळ आलं तेव्हा ते कागद घेऊन माझ्याकडे आले. करारात क्षेत्रफळ ४३० चौरस फूट आणि दर फुटामागे वर्षाला १५० दिरहॅम, म्हणजे भाडं ६४,५०० दिरहॅम. काकांनी स्वतः टेप लावून मोजलं, तर ३६३ फूटच भरले. "६७ फुटांचे दहा हजार दिरहॅम फुकट जातायत. मालकाला पत्र लिहून दे," म्हणाले.

पत्राआधी आम्ही दोघांनी पुन्हा मोजलं. पहिली चूक लगेच सापडली. काकांनी सजावटीसाठी दोन्ही बाजूंच्या भिंतींना जिप्समचे बोर्ड लावले आहेत आणि टेप बोर्डापासून बोर्डापर्यंत धरली होती. बोर्ड आणि त्यामागची पोकळी मिळून दर बाजूला साडेसात सेंटिमीटर जातात. दिसायला किरकोळ, पण त्यात सुमारे १२ चौरस फूट गेले. ती जागा काकांनीच झाकली आहे, तिचा हिशेब मालकाकडे मागता येत नाही.

मग लेझर मीटरने रुंदी तीन ठिकाणी आणि खोली तीन ठिकाणी घेतली, कारण भिंती क्वचितच अगदी समांतर असतात. सरासरी आली ४.८० आणि ७.४० मीटर. खोली तिरकी नाही ना, हे कर्णांवरून कळतं. पायथागोरसप्रमाणे कर्ण ८.८२ मीटर हवा. दोन्ही कर्ण तेवढेच भरले. क्षेत्रफळ ३५.५२ चौरस मीटर. त्यातून भिंतीबाहेर आलेले दोन खांब आणि पाइपांचा शाफ्ट मिळून ०.७२ वजा केले. राहिले ३४.८०. एका चौरस मीटरमध्ये १०.७६४ चौरस फूट असतात, म्हणून वापरायची जागा ३७५ चौरस फूट. (लांबीचा ३.२८ हा गुणक इथे चालत नाही, त्याचा वर्ग घ्यावा लागतो.)

म्हणजे तफावत ५५ फुटांची. पण ती सगळी मालकाची चूक का? आपल्या डोक्यात 'कार्पेट' बसलेलं असतं. भारतात २०१६ च्या रेरा कायद्याने त्याची व्याख्या ठरवून दिली: बाहेरच्या भिंती आणि शाफ्ट वगळायचे, आतल्या विभाजक भिंती धरायच्या. ती व्याख्या रुवैसच्या करारावर लागू होत नाही. या करारात नुसतं 'क्षेत्रफळ' लिहिलंय, कसं मोजलं ते नाही.

म्हणून मालकाला सोयीची पद्धत आम्ही धरली. शेजारच्या दुकानांशी सामाईक भिंती अर्ध्या, पुढची-मागची भिंत पूर्ण, खांब-शाफ्ट आत. भिंती २० सेंटिमीटरच्या. मग ५.०० × ७.८० = ३९.०० चौरस मीटर, म्हणजे ४२० चौरस फूट. ५५ पैकी ४५ फूट असे व्याख्येतच विरले. उरले १०.

हे १० फूट मोजण्यातल्या चुकीचे असतील का? दोन्ही मापांत २ सेंटिमीटर कमी मोजले असं धरलं तरी फरक तीन चौरस फुटांच्या आत राहतो. म्हणजे ही तूट या व्याख्येनेही भरून निघत नाही. पत्र याच दहा फुटांवर उभं केलं. पाठवायच्या आधीचा मराठी मसुदा असा:

"स.न.वि.वि.

आपल्या दुकानाचे क्षेत्रफळ करारात ४३० चौरस फूट आहे. भिंतींसह मोजल्यास ते ४२० भरते, मोजमापातील संभाव्य चूक ३ फुटांपेक्षा कमी आहे. आतील वापराची जागा ३७५ फूट आहे. मापांचा आराखडा सोबत जोडला आहे.

विनंती अशी:
१. आपल्या सोयीच्या दिवशी दोघांसमक्ष पुन्हा मोजणी व्हावी.
२. नव्या करारात ४२० फूट धरून भाडे ६३,००० दिरहॅम करावे.
३. क्षेत्रफळ भिंतींसह आहे की आतले, हे करारात लिहावे.

कळावे, आपला भाडेकरू."

काका थोडे हिरमुसले. दहा हजारांचे दीड हजार झाले! पण ५५ फुटांचं पत्र मालकाने 'भिंती धरून मोजलंय' या एका वाक्यात परत पाठवलं असतं, आणि त्यासोबत खरे दहा फूटही गेले असते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. हा युक्तिवाद चालतो, कारण काकांच्या करारात फुटामागचा दर लिहिला आहे. 'अमुक क्रमांकाचं दुकान, एकरकमी भाडं' असा करार असेल, तर क्षेत्रफळ बहुधा नुसतं वर्णन ठरतं आणि बाजू बरीच कमकुवत होते. अबुधाबी अमिरातीत भाडेकरार तौसीक प्रणालीत नोंदवले जातात. तेव्हा टेप हातात घेण्याआधी आपल्या नोंदणीकृत प्रतीत भाडं कसं लिहिलंय ते वाचा, आणि मोजायचंच असेल तर भिंतीला बोर्ड लावण्याआधी मोजा.