दुष्काळातल्या शेतकऱ्याच्या डायरीतले एक पान

(स्वाध्याय, इयत्ता सातवी)

गुरुजींनी आम्हाला स्वाध्याय दिला होता : 'दुष्काळात सापडलेल्या शेतकऱ्याची एका दिवसाची डायरी लिहा.' मी 1972 चा दुष्काळ निवडला. महाराष्ट्राच्या पुष्कळ भागात 1970 पासूनच पाऊस कमी पडत होता आणि 1972 साली तर त्याने पाठच फिरवली. डायरीतला शेतकरी मी कल्पनेने उभा केला आहे. तो बीड जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या गावचा आहे. बी कसे तपासायचे ते मात्र मला आजोबांनी सांगितले.

शनिवार, 12 मे 1973

आज खडीची मापं झाली. आम्ही दोघं नवरा-बायको आठवडाभर रस्त्याच्या कामावर खडी फोडतोय. आमचा ढीग दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि एक फूट उंच भरला. म्हणजे पन्नास घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा आमची खडी अर्धा ब्रास झाली. पण मोजणारे साहेब म्हणाले, "ढीग पोकळ रचलाय, वरचे दगडही मोठे आहेत." त्यांनी पाच फूट कापले. मी काही बोललो नाही. दगड मोठे होते हे खरंच होतं. काल ऊन फार होतं, हात चालत नव्हते.

येताना रेशनवरून मिलो आणला. लाल ज्वारी ती. तिची भाकरी थापता थापता फाटते. पोरं नाक मुरडतात, पण खातात. कामावर सुकडी मिळते, त्यातली मूठभर आम्ही धाकट्यासाठी पदरात बांधून आणतो.

घरात एक मडकं आहे. तोंडाला शेणमाती लावून बंद केलेलं, आत राख आणि लिंबाचा पाला घातलेला. त्यात आठ किलो गावरान बाजरी आहे. पाच एकराचं बी. गेल्या सोमवारी घरात दाणा नव्हता तेव्हा आई म्हणाली, "आरं, पोरं उपाशी निजत्यात, काढ ती बाजरी." मी हिशेब मांडला. आम्ही सात माणसं, दिवसाला अडीच किलो लागतं. आठ किलो तीन दिवसांत संपेल. चौथ्या दिवशी भूक तीच, आणि मृगाला पेरायला काही नाही. आई गप्प बसली. रात्री तिनं स्वतःची भाकरी पोरांत वाटली, ते मी पाहिलं.

पण मलाही घोर होता. हे बी दोन वर्षांचं जुनं. ते उगवलंच नाही तर आईला उपाशी ठेवून काय मिळवलं? म्हणून मंगळवारी शंभर दाणे मोजून घेतले. चांगले निवडून नाही घेतले, हाताला आले तसे घेतले. ओल्या गोणपाटात ओळीनं मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली. पिण्याचं पाणी दीड कोसावरून येतं, तरी रोज ओंजळभर त्यावर शिंपडलं.

आज संध्याकाळी गुंडाळी उलगडली. सगळे भोवती जमले. पोरानं मोठ्यानं मोजलं. साठ दाण्यांना मोड होते, चाळीस तसेच. म्हणजे पाच एकराचं बी आता तीन एकरालाच पुरणार. पातळ पेरून पाच एकर करावं असं वाटलं, पण मोकळ्या जागेत तण माजतं.

बायको म्हणाली, "तीन तर तीन. दोन एकराच्या बियाला मी पगारातून मागं टाकते." आईनं मडकं जवळ ओढलं आणि पुन्हा शेणमातीनं लिंपलं. मृगाला अजून सव्वीस दिवस आहेत.

डायरी संपली. आता थोडी माहिती.

त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मजुरीचा आधार मिळाला म्हणूनच अनेक घरांतले बी वाचले. पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 1979 पासून तो लागू झाला.

बी तपासण्याची ही रीत आजही चालते. मात्र हायब्रीड बाजरीचे घरचे बी शंभरातले शंभर उगवले तरी पुढचे पीक पहिल्यासारखे येत नाही. घरचे बी ठेवायचे तर ते गावरान किंवा सुधारित जातीचे हवे.

सांगा पाहू : शंभरातले पंचाहत्तर दाणे उगवले असते, तर ते आठ किलो बी किती एकरांना पुरले असते?

(उत्तर : पावणेचार एकर)