मराठी सूचना हिंदीत उतरविताना

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याच्या वरच्या अंगाला येलदरीचे धरण आहे. औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते आणि संत नामदेवांचे जन्मस्थान मानले गेलेले नरसीही याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे या परिसरात मराठी न जाणणारे यात्रेकरू येत असतात. नदीकाठच्या एखाद्या ग्रामपंचायतीस पुढील सूचना हिंदीतही लावावयाची आहे, असे समजू :

‘धरणातून कधीही पाणी सोडण्यात येईल. नदीपात्रात उतरू नका. जनावरे नेऊ नका.’

दोन्ही भाषा एकाच लिपीत लिहिल्या जातात आणि दोहोंत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. म्हणून शब्दाला शब्द ठेवला की काम झाले, अशी आपली समजूत होते. त्या रीतीने पुढील मजकूर तयार होतो :

‘बाँध से कभी भी पानी छोड़ने में आएगा। नदी में उतरो मत जानवर ले जाओ मत।’

पहिल्या वाक्यातील दोष कार्यालयीन मराठीतून आलेला आहे. ‘सोडण्यात येईल’, ‘देण्यात येत आहे’ या रचनेची आपल्याला इतकी सवय झालेली असते की ती हिंदीत चालत नाही, हे ध्यानात राहत नाही. हिंदीत त्या जागी ‘जाना’ हे क्रियापद येते : ‘छोड़ा जाएगा’, ‘दिया जा रहा है’. येथे तर पाणी नक्की सुटणार असे सांगावयाचे नसून ते केव्हाही सुटू शकते असे सांगावयाचे आहे. म्हणून ‘किसी भी समय पानी छोड़ा जा सकता है’ हे योग्य होय.

दुसऱ्या वाक्यातील दोष अधिक घातक आहे. मराठीत नकार क्रियापदानंतर येतो : ‘उतरू नका’, ‘आला नाही’. हिंदीत तो सामान्यतः क्रियापदाच्या आधी येतो : ‘न उतरें’, ‘नहीं आया’. बोलताना ‘उतरो मत’ असेही म्हणतात, पण तेथे आवाजाचा हेल अर्थ सांभाळतो. फलकावर हेल नसतो आणि रंगाऱ्याच्या कुंचल्यातून विरामचिन्हे बहुधा निसटतात. आता वरचा मजकूर विरामचिन्हांशिवाय पाहा. ‘नदी में उतरो’ येथे ओळ संपली आणि ‘मत जानवर ले जाओ’ ही पुढची ओळ झाली, तर माणसाने खुशाल उतरावे, बंदी फक्त जनावरांना आहे, असा अर्थ निघतो! नकार क्रियापदाआधी ठेवून दोन्ही शब्द एकाच ओळीत घेतले की हा धोका टळतो.

आता आदराचा प्रश्न. ‘उतरा’, ‘उतरू नका’ ही रूपे मराठीत अनोळखी प्रौढ माणसास चालतात, कारण ‘तुम्ही’मध्ये आदर आहे. उच्चाराच्या साम्यामुळे आपण त्याचे ‘तुम’ करतो. परंतु हिंदीतील ‘तुम’ मित्राला किंवा वयाने लहान असलेल्याला शोभते. यात्रेकरूला ते उद्धट वाटेल. त्याच्यासाठी ‘आप’ हवे. बोलताना ‘मत उतरिए’ आणि लेखी सूचनेत ‘न उतरें’ म्हणावे. उलट, शिक्षक वर्गातील मुलांना ‘तुम्ही बसा’ म्हणतात, तेथे मात्र ‘तुम लोग बैठो’ हेच स्वाभाविक होय. ‘तुम्ही’ दिसताच आदर की अनेकवचन, हे आधी ठरवावे लागते.

‘आपण’ हा शब्द त्याहून फसवा आहे. ‘आपण बसावे’ येथे तो ‘आप’ होतो. परंतु ग्रामसभेत सरपंच ‘आपण उद्या फलक लावू’ म्हणतात, तेव्हा त्यात श्रोतेही सामील असतात आणि तेथे ‘हम’ हवे. अडचण अशी की ‘आम्ही लावू’ याचेही हिंदीत ‘हम लगाएँगे’ असेच होते. श्रोत्यांना सामील करून घ्यावयाचे असेल, तर ‘हम सब मिलकर कल बोर्ड लगाएँगे’ असे उलगडून सांगावे लागते. (या ‘कल’चेही भान ठेवावे. काल आणि उद्या या दोहोंना हिंदीत तोच शब्द असल्याने, क्रियापद गाळलेल्या त्रोटक सूचनेत तारीखच लिहिणे बरे.)

आता आपला फलक असा होईल :

‘सावधान! बाँध से किसी भी समय पानी छोड़ा जा सकता है।
कृपया नदी में न उतरें।
जानवरों को नदी में न ले जाएँ।’

मूळ मराठीत ‘कृपया’ नाही. ‘न उतरें’ हे रूप स्वतःच सभ्य असल्याने तो शब्द गाळला तरी उद्धटपणा येत नाही; मात्र ‘सावधान’ गाळू नये. दुसऱ्या ओळीतील ‘नदी में’ तिसऱ्या ओळीत पुन्हा घेतले आहे, कारण मराठी वाचक ‘जनावरे नेऊ नका’ हे मागच्या वाक्याला जोडून घेतो, पण फलकावरील एकच ओळ वाचणाऱ्याला कोठे न न्यावीत, हे कळणार नाही.

रंगकामापूर्वी हा मजकूर मराठी न येणाऱ्या एखाद्या व्यक्तीस दाखवावा. ‘समजले का?’ असे विचारल्यास बहुतेक जण होच म्हणतात. त्याऐवजी ‘हे वाचून आपण काय कराल?’ असे विचारावे, आणि उत्तर ऐकून मगच रंगाऱ्यास बोलवावे.